भूल कोणती, हे विचारायलाच हवं

आपल्या नंदुरबारकडे ‘भूल’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. दाढ काढताना हिरडीत दिलेली सुई म्हणजे भूल, सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेलं इंजेक्शन म्हणजे भूल, दुर्बीण घालताना आलेली गुंगी म्हणजे भूल आणि पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला लागलेली गाढ झोप म्हणजेही भूलच. फार तर आपण ‘हलकी भूल’ आणि ‘भारी भूल’ एवढा फरक करतो. हलकी म्हणजे बिनधोक, भारी म्हणजे धोक्याची, असं मनाशी पक्कं केलेलं असतं. त्यामुळे हलकी म्हटलं की आपण सकाळी चहा पिऊन दवाखान्यात जातो, आणि भारी म्हटलं की घरात रडारड सुरू होते.

मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे की ही दोन्ही टोकं चुकीची आहेत. भीती बाळगायची ती ‘भारी’ या शब्दाची नव्हे. विचारायचं ते एवढंच, की त्या वेळात माझा श्वास कोण सांभाळणार आहे? हा एक प्रश्न समजला की भुलेचे प्रकार आपोआप समजतात.

आधी दोन गोष्टी बाजूला काढू. दाढेची सुई आणि सिझेरियनची पाठीतली सुई या दोन्हींत शरीराचा तेवढाच भाग बधिर होतो. आपण टक्क जागे असतो, बाळाचा पहिला टाहोसुद्धा ऐकतो. आज बोलायचं आहे ते मेंदूला गुंगी आणणाऱ्या भुलेबद्दल. तिच्या तीन पायऱ्या आपल्याला माहीत हव्यात. डॉक्टर त्यांना कॉन्शस सिडेशन, डीप सिडेशन आणि जनरल अनेस्थेशिया म्हणतात. आपण त्यांना जागेपणीची गुंगी, गाढ गुंगी आणि पूर्ण भूल म्हणू या.

या तिन्ही पायऱ्या एकाच बाईच्या वाट्याला कशा आल्या, ते सांगते. तळोद्याकडची ही बत्तीस वर्षांची बाई अंगणवाडीत काम करते आणि मला ताई म्हणते. तिला सिकलसेलचा आजार आहे. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः सातपुड्यातल्या गावांत, हा आजार घरोघरी माहीत आहे. यात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतून जो पिवळा रंग बाहेर पडतो, तो पित्ताशयात साचून त्याचे खडे बनतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णांना अगदी तरुण वयातही पित्ताचे खडे होतात. हिलाही झाले होते, पण कळायला वेळ लागला.

सुरुवातीला जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात दुखायचं. अॅसिडिटी असेल, अल्सर असेल, म्हणून डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून जठर बघायचं ठरवलं. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. पुष्कळ ठिकाणी ती घशात बधिर करणारा फवारा मारून, गुंगी न देताच करतात. हिला फार उमाळे येत होते, म्हणून डॉक्टरांनी शिरेतून मिडाझोलॅम नावाचं औषध दिलं. एकदम नाही, आधी एक मिलिग्रॅम, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा थोडं. ही झाली पहिली पायरी, जागेपणीची गुंगी.

या पायरीवर माणूस सुस्तावतो, डोळे मिटतो, पण हाक मारली किंवा खांद्याला हलकं हलवलं की सांगितलेलं ऐकतो. ‘बाई, आता गिळा,’ म्हटलं की हिने गिळलं. ‘मोठा श्वास घ्या,’ म्हटलं की घेतला. श्वास तिचा ती घेत होती, घशाची राखण तिची ती करत होती. जागेपणीची गुंगी ओळखायची खूण हीच. हाकेला ओ मिळते.

गंमत पुढे आहे. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, ‘ताई, मला तर पूर्ण भूल दिली होती, काहीच कळलं नाही.’ खरं म्हणजे ती आत बोलत होती, ऐकत होती. पण मिडाझोलॅम त्या वेळची आठवण पुसून टाकतं. म्हणून ‘मला काही आठवत नाही’ याचा अर्थ ‘मी पूर्ण भुलेत होते’ असा होत नाही. हे लक्षात ठेवणं कामाचं आहे, कारण पुढच्या वेळी डॉक्टर विचारतात, ‘यापूर्वी कधी पूर्ण भूल घेतली होती का, त्रास झाला होता का?’ आपण आठवणीवर विसंबून ‘हो, घेतली, काही झालं नाही’ असं सांगितलं, तर डॉक्टरांचा अंदाज चुकू शकतो. त्यापेक्षा जुने कागद दाखवावेत. त्यावर औषधाचं नाव लिहिलेलं असतं.

दुर्बिणीत अल्सर निघाला नाही. काही महिन्यांनी तिचे डोळे जास्तच पिवळे झाले. सिकलसेलमध्ये डोळे थोडे पिवळे असतातच, म्हणून घरच्यांनी मनावर घेतलं नाही. पण लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद, शौचाचा रंग पांढुरका आणि अंगाला खाज, असं दिसल्यावर सोनोग्राफी केली. एक खडा पित्ताशयातून सरकून पित्तनळीत अडकला होता. तो तोंडातूनच दुर्बीण घालून काढायचा होता. या कामाला ईआरसीपी म्हणतात. ते आपल्या गावात होण्यासारखं नव्हतं, म्हणून गाडीने सुरतला गेलो.

तिथे तिच्या नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मागच्यासारखी हलकी भूल चालेल ना? भूलतज्ज्ञांची फी वाचेल.’ प्रश्न चुकीचा नव्हता. घरात पैशाची ओढाताण होती. पण उत्तर समजून घेण्यासारखं आहे.

ईआरसीपीला अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही वेळ लागतो. रुग्णाला पालथं किंवा एका कुशीवर झोपवतात. दुर्बीण जठराच्याही पुढे आतड्यात नेऊन, पित्तनळीच्या बारीक तोंडातून तार घालायची असते. त्या वेळी रुग्ण हलला तर इजा होते. म्हणून इथे बहुतेक वेळा दुसरी पायरी, म्हणजे गाढ गुंगी लागते. तिच्यासाठी प्रोपोफोल नावाचं दुधासारखं पांढरं औषध शिरेतून थोडं थोडं देत राहतात. ते अर्ध्या-एक मिनिटात लागू पडतं आणि थांबवलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस जागा होतो.

या पायरीवर हाकेला ओ मिळत नाही. पुन्हा पुन्हा हलवलं, जोरात दाबलं, तरच माणूस हात पुढे करून अडवतो. श्वास बहुधा चालू असतो, पण त्याचा भरवसा नसतो. जीभ आणि घसा सैल पडून श्वासाची वाट अर्धी बंद होऊ शकते. आधी घोरल्यासारखा आवाज येतो. मग आवाजच थांबतो. छाती वरखाली होताना दिसते, पण आत हवा जात नाही. अशा वेळी हनुवटी उचलायची, जबडा पुढे ओढायचा आणि गरज पडली तर मास्क लावून पिशवीने श्वास द्यायचा. हे काही सेकंदांत करावं लागतं, आणि ईआरसीपीत तर तोंडात आधीच दुर्बीण असते. दुर्बीण चालवणारे डॉक्टर पडद्याकडे बघत असतात. त्यांनी एका डोळ्याने खडा आणि दुसऱ्या डोळ्याने श्वास बघावा, अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. म्हणून गाढ गुंगीच्या वेळी, दुसरं कुठलंही काम अंगावर नसलेला आणि श्वास सांभाळायला शिकलेला माणूस उशाशी लागतोच. भूलतज्ज्ञांची फी असते ती या जागता पहाऱ्याची. सुई टोचायला किती वेळ लागतो!

प्रोपोफोलबद्दल आणखी एक गोष्ट. मिडाझोलॅम जास्त झालं तर त्याला उतारा आहे, फ्लुमाझेनिल नावाचं इंजेक्शन. प्रोपोफोलला उतारा नाही. ते शरीरातून ओसरेपर्यंत रुग्णाचा श्वास दुसऱ्याने चालवायचा, एवढाच उपाय. पॉप गायक मायकेल जॅक्सन २५ जून २००९ रोजी गेला, तो याच औषधाने. झोप लागत नाही म्हणून घरी, पुरेशी यंत्रं नसताना त्याला ते दिलं होतं. औषध तेच, जे रोज जगभर हजारो रुग्णांना सुखरूप दिलं जातं. फरक पडला तो राखण करण्यात.

आता तुम्ही म्हणाल, बोटाला तो चिमटा लावलेला असतो ना? कोविडच्या काळात आपण सगळ्यांनीच तो पाहिला. त्याला ऑक्सिमीटर म्हणतात आणि तो हवाच. पण त्याची एक मर्यादा आहे. नाकात नळी लावून ऑक्सिजन चालू असला की श्वास थांबला तरी रक्तातला ऑक्सिजन लगेच उतरत नाही. आकडा काही वेळ ९८-९९ दाखवत राहतो आणि मग एकदम घसरतो. म्हणजे चिमटा खरं सांगतो, पण उशिरा. चांगल्या ठिकाणी कॅप्नोग्राफ लावतात. तो बाहेर पडणारा प्रत्येक उच्छ्वास मोजतो आणि पडद्यावर लाट काढतो. श्वास थांबला की लाट तिथल्या तिथे सपाट होते. सिकलसेलच्या रुग्णाला तर उशीर परवडतच नाही, कारण ऑक्सिजन कमी झाला की तिच्या पेशी वाकड्या होऊ लागतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि सिकलसेलच्या दुखण्याचा झटका येतो. हे समजावून सांगितल्यावर तिचा नवरा म्हणाला, ‘मग भूलतज्ज्ञ पाहिजेतच.’ खडा निघाला, आणि ती तासाभरात आमच्याशी बोलू लागली.

पण मूळ पित्ताशयात आणखी खडे होते. ते पित्ताशय काढायचं ठरलं, दुर्बिणीनेच, पण पोटाला छोटी छिद्रं पाडून. इथे तिसरी पायरी आली, पूर्ण भूल. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते या वेळी.

पूर्ण भुलेत माणसाला कितीही दुखलं तरी जाग येत नाही. या ऑपरेशनात पोट गॅसने फुगवतात आणि पोटाचे स्नायू सैल पडावे म्हणून वेगळं औषध देतात. त्या औषधाने श्वासाचे स्नायूही थांबतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण हे ठरवून केलेलं असतं. झोप लागल्यावर भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी बसवतात आणि ऑपरेशन होईपर्यंत श्वास यंत्र चालवतं. घशाची वाट नळीने राखलेली असते. शेवटी स्नायूंचं औषध उतरवतात, रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला, डोळे उघडू लागला, की नळी काढतात. एक-दोन दिवस घसा खवखवतो, तो या नळीमुळे. म्हणजे बघा, ज्या भुलेला आपण सर्वांत जास्त घाबरतो, तिच्यात श्वासाची जबाबदारी पहिल्या मिनिटापासून पूर्णपणे दुसऱ्याने उचललेली असते. पूर्ण भुलेत जोखीम नसते असं नाही. रक्तदाब उतरतो, हृदयावर ताण येतो, म्हणून रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे अशा तपासण्या आधी करतात. पण ‘भारी’ म्हणून ती टाळावी आणि ‘हलकी’वर भागवावं, हा हिशोब बरोबर नाही. कामाला जी पायरी लागते, तीच नीट तयारीने घ्यावी.

या तीन पायऱ्यांमध्ये भिंती नाहीत, हेही समजून घ्या. तो उतार आहे. जागेपणीच्या गुंगीसाठी दिलेल्या औषधानेच एखादी अशक्त, वयस्क किंवा रात्री फार घोरणारी बाई गाढ गुंगीत घसरू शकते. कुणाला किती औषध पुरेल हे आधी पक्कं सांगता येत नाही. म्हणून नियम असा, की ज्या पायरीवर न्यायचं आहे, तिच्या पुढच्या पायरीवर रुग्ण गेला तरी त्याला सावरण्याची तयारी हवी. आणि म्हणूनच हलक्या गुंगीलाही उपाशीपोटीच जायचं. पोटात अन्न असेल आणि घशाची राखण सुटली, तर ते वर येऊन फुप्फुसात जातं. त्यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो.

मात्र उपाशी म्हणजे किती? इथेही आपण टोकाला जातो. ‘रात्रीपासून पाण्याचा थेंब नको,’ असं घरची मोठी माणसं सांगतात. साधारण नियम असा आहे, की तळलेलं, तेलकट, मटणाचं जेवण आठ तास आधी बंद, हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा दुधात मोजायचा, पाण्यात नाही. हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन सकाळी अकराला होतं. रात्री नऊला ती भाकरी-भाजी जेवली. सकाळी चहा दिला नाही. नऊ वाजेपर्यंत थोडं थोडं पाणी प्यायली आणि नंतर सलाईन चालू केलं. सिकलसेलच्या रुग्णाला हे फारच महत्त्वाचं, कारण शरीर सुकलं की पेशी वाकड्या होतात. तिचं हिमोग्लोबिन साडेसात होतं, ते आधी दोन बाटल्या रक्त देऊन दहाच्या जवळ आणलं. ऑपरेशनच्या गार खोलीत तिला उबदार पांघरुणात ठेवलं, कारण थंडीही तिला बाधते. हे सगळं होऊ शकलं, कारण तिने पहिल्याच भेटीत आपलं सिकलसेलचं कार्ड टेबलावर ठेवलं. नुसते वाहक असणाऱ्यांना सहसा एवढा त्रास होत नाही, पण त्यांनीही सांगावंच. मात्र तुमच्या आजारात, तुमच्या ऑपरेशनला पाणी कधी बंद करायचं, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मधुमेह असेल, गरोदर असाल तर हे गणित बदलतं.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक कागद पुढे येतो आणि ‘इथे सही करा’ म्हणतात. बाई नवऱ्याकडे बघते, नवरा सही करतो. त्या कागदावर भुलेचा उल्लेख असतो, पण कोणती भूल, ते कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. अक्कलकुवा-धडगावच्या बाईला मराठी वाचता येतं असं धरूनच चालू नये. तिला भिलीत, पावरीत, अहिराणीत सांगणारं कुणी वॉर्डात असतंच, मग ती मावशी असो की आशाताई. पाच मिनिटं लागतात. श्वास जिचा सांभाळायचा आहे, तिलाच ते आधी कळलं पाहिजे. सही नवऱ्याची असली तरी.

विचारायचं काय, तर सरळ एवढंच. मी हाकेला ओ देईन अशी गुंगी आहे, की गाढ गुंगी, की पूर्ण भूल? माझ्या श्वासावर लक्ष ठेवणारा माणूस वेगळा असेल का? ऑक्सिजन आणि पिशवी-मास्क तिथे आहे का? आणि आपण न लपवता सांगायचं काय, तर हलणारा दात, कवळी, दमा, रात्रीचं घोरणं, रोजच्या गोळ्या, मिसरी-तंबाखू, दारूची सवय, आणि पूर्वी भुलेचा काही त्रास झाला असेल तर तो. सासू समोर बसली म्हणून मिसरीचं लपवू नका, हवं तर डॉक्टरांना एकटीने भेटा. नखांचं पॉलिश आणि बोटांवरची गडद काळी मेंदी असेल तर तीही सांगा, तिच्यामुळे बोटाचा चिमटा चुकीचं दाखवू शकतो.

घरी आल्यावर पहिले चोवीस तास, अगदी जागेपणीच्या गुंगीनंतरसुद्धा, स्कूटी चालवायची नाही, चुलीपुढे आणि विळीवर बसायचं नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, तान्हं बाळ घेऊन एकटीने झोपायचं नाही. आपल्याला वाटतं, बरी आहे मी. पण औषध अजून अंगात असतं. आणि सोबत आलेल्या माणसाने एवढं बघावं, की झोपलेली बाई हाकेला ओ देते ना, श्वास संथ आणि बिनआवाजाचा आहे ना. ओ मिळाली नाही, ओठ निळसर दिसले, श्वास अडखळला, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि कुठल्या औषधाची गुंगी दिली होती तो कागद हातात ठेवा.